500 च्या वर गेलेले मार्क कुठे जातात?

"मुलीला दहावीच्या सहामाहीत बेस्ट फाइव्हचे 496 पडलेत, चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड पण आहे. मग त्याचे 7 मार्क वायाच जाणार ना? आणि मग तो वाढीव मार्कांचा प्रस्ताव द्यायचा तरी कशाला?"

ताई हे विचारायला आल्या तेव्हा मुलगी शेजारीच बसली होती, गप्प. मी कागद घेतला आणि तिलाच बेरीज करायला लावली. आपल्या बोर्डात सगळ्यात चांगल्या पाच विषयांचे 500 पैकी मार्क धरतात, मग कला-क्रीडेचे वाढीव त्यात मिळवतात (इंटरमिजिएटला ए म्हणजे 7, बी 5, सी 3), पण बेरीज 500 च्या पुढे जाऊ देत नाहीत. 496 आणि 7 म्हणजे 503, वरचे 3 सोडून द्यायचे. म्हणजे 496 वालीला त्या ग्रेडचे खरे 4 च मिळाले आणि 470 वाल्याला पूर्ण 7 मिळून तो 477 वर गेला. ग्रेड तोच, फायदा मात्र वर किती जागा शिल्लक आहे त्यावर.

सगळे 7 नाही, पण 3 वाया जाणार, इथपर्यंत ताईंचं बरोबरच होतं. पण 496 हे शाळेच्या सहामाहीचे, बोर्डाचे नाहीत! बोर्डात भाषेच्या दोन पेपरांत चार-चार मार्क जरी गेले तरी वर 12 ची जागा होते आणि मग 7 च्या 7 कामाला येतात, आणि शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांत सायन्सची अकरावीची कट-ऑफ एकेका मार्कावर सरकते हो. वाढीव मार्क रिझल्ट लागल्यावर मागून मिळत नाहीत, प्रस्ताव आधीच शाळेमार्फत जावा लागतो. म्हणून मी म्हटलं, नक्की द्या, आज सर्टिफिकेट बघूया.

बघितलं ते बरं झालं. सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव "दत्तात्रय", शाळेच्या रजिस्टरला "दत्तात्रेय". एका मात्रेचा फरक, पण असल्याच फरकाने प्रस्ताव अडकून पडलेले मी पाहिलेत, आणि पालकांना कळतं थेट मार्कशीट हातात आल्यावर, एकूण गुणांपुढे अधिक चिन्ह दिसत नाही तेव्हा. त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ते दुरुस्त करून घेतलं, प्रस्तावाची पोच पण मागून घेतली.

ताईंच्या डोक्यात अजून एक होतं, घाईघाईने नाटकाच्या स्पर्धेत उतरवून आणखी एक सर्टिफिकेट मिळवायचं. तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली, "मला नाटक नाही करायचं, मला चित्रं काढायचीत." मी तिच्या बाजूने होतो आणि तसं ताईंना स्पष्ट सांगितलं. दहावीच्या वर्षात न आवडणाऱ्या गोष्टीच्या तालमीत शनिवार-रविवार घालवले तर मराठी, इंग्रजीचे लेखी पेपर सोडवायला वेळ कधी मिळणार, आणि तिचे मार्क जाणार होते ते तिथेच.

जूनमध्ये ताई मार्कशीट घेऊन आल्या. स्वतःचे 486, पुढे +07, टक्के 98.60. मुलीने त्या +07 वर बोट ठेवून मला दाखवलं, बोटाला अजून वॉटरकलर लागलेला होता.