किचनचा आणि भाजीबाजाराचा ओला कचरा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांना घातला तर नक्की काय हाती लागतं?

प्रश्न: घरचा ओला कचरा आणि भाजीबाजारातून मिळणारा सडका माल यावर ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या वाढवायचा विचार आहे. जमेल का? आणि तयार झालेल्या अळ्यांचं करायचं काय? थोड्या कोंबड्या आहेत.

उत्तर:

जमतं, आणि कोंबड्या असतील तर अळ्यांचं काय करायचं हा प्रश्न निम्मा सुटलाच म्हणा. मी हे करतोय, त्यामुळे थेट एका क्रेटचा हिशोबच मांडतो, एक क्रेट नीट चालला की दहा क्रेट म्हणजे तेच काम दहा वेळा.

साधारण 40 बाय 60 सेंमीचा, वीतभर खोल प्लास्टिकचा क्रेट घ्या, तळाला भोकं नसलेला. एवढ्या क्रेटला पाच दिवस वयाच्या 10,000 अळ्या आणि 12 दिवसांत मिळून 15 किलो खाद्य, हे माप जगभर वापरलं जातं आणि ते बरोबर बसतं. म्हणजे एका अळीला दिवसाला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास. पंधरा किलो एकदम ओतायचं नाही हं, तीन हप्त्यांत द्यायचं, पहिल्या दिवशी, पाचव्या दिवशी आणि आठव्या दिवशी. खाद्याचा थर पाच-सात सेंमीच्या वर गेला की खालचा भाग हवा न मिळाल्याने कुजायला लागतो आणि आतलं तापमान चढतं, मग अळ्या खाणं सोडून कडेने वर चढून पळतात. अळ्यांना 27 ते 30 अंश मानवतं, चाळिशीच्या पुढे गेलं की त्या खाद्यात थांबत नाहीत.

दहा हजार अळ्या मोजायच्या कशा, असं लोक विचारतात. सगळ्या मोजायच्याच नाहीत, चिमूटभर अळ्या बारीक काट्यावर 2 ग्रॅम तोलायच्या, तेवढ्याच मोजायच्या आणि त्यावरून गुणाकार करून हवं तेवढं वजन घ्यायचं. आणि अंडी थेट कचऱ्यावर टाकू नका, हे महत्त्वाचं आहे. अंडी कोरडी राहिली पाहिजेत, ती जाळीवर ठेवायची आणि खाली कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पाणी घालून ओलसर करून ठेवायचं. साधारण चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि त्या खाद्यात पडतात. तिथेच पाच दिवस वाढू द्यायच्या, मग क्रेटमध्ये. एवढ्याशा जिवाला सडक्या भाजीत सोडलं तर बऱ्याचशा बुडून मरतात.

आता खरा मुद्दा, पाणी. या धंद्यातल्या दहापैकी आठ तक्रारी पाण्याच्या असतात, लोक मात्र दोष अळ्यांना देतात. खाद्यात 70 ते 75 टक्के पाणी असेल तर अळ्या छान खातात, पण बाजारातला माल म्हणजे टोमॅटो, काकडी, कोबीची पानं, पालेभाजी, यात नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही वर पाणी असतं. ते तसंच वाटून टाकलं की क्रेटमध्ये रबडी होते, अळ्यांना श्वास घेता येत नाही, भिंती ओल्या झाल्या की त्या ओल्या भिंतीला चिकटून सरळ वर चढतात आणि सकाळी सगळ्या फरशीवर अळ्या.

त्यामुळे हिशोब असा. 12 किलो भाजी घेतली तर तिच्यात सुकं वस्तुमान फक्त 1.2 किलो. त्यात 3 किलो गव्हाचा कोंडा घातला, ज्यात साधारण 90 टक्के सुकं असतं, तर आणखी 2.7 किलो सुकं आलं. एकूण 15 किलोत 3.9 किलो सुकं, म्हणजे पाणी 74 टक्के. नेमकं बसलं. पण कोंडा विकत घ्यायचा तर फुकटच्या कचऱ्याचा फायदा गेला, म्हणून मी आधी भाजी दोन सेंमीपेक्षा बारीक चिरून तिरक्या जाळीवर रात्रभर ठेवतो, बरंच पाणी आपोआप निथळतं, मग कोंडा कमी लागतो. किचनमधला शिळा भात, ब्रेडचे तुकडे, बटाट्याची सालं हे भाजीपेक्षा कमी ओलं असतं आणि पोटालाही जड, त्यामुळे बाजाराच्या मालात किचनचा कचरा मिसळणं हाच सगळ्यात स्वस्त कोंडा. लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुराही पाणी शोषतो, पण त्यातून अळ्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही, नुसता गाळताना वाढीव कचरा. तपासायची रीत सोपी आहे, मूठभर मिश्रण घट्ट दाबा, बोटांमधून दोन-चार थेंब आले की ठीक, धार लागली तर ओलं, काहीच नाही तर कोरडं.

वासावरूनही कळतं. चालू क्रेटला आंबूस, ओल्या धान्यासारखा वास असतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर मांस-मासे-डाळी असं प्रथिनवालं खाद्य जास्त झालंय. गटारासारखा वास आला तर तळाशी हवा नाही, मिश्रण उलटंपालटं करा, कोरडं काहीतरी घाला आणि पुढचा हप्ता उशिरा द्या. आधीचा हप्ता उरलेला दिसत असताना नवीन टाकणं हा लोकांचा आवडता उद्योग आहे, तो करू नका. केळीची सालं, कणसाची दांडी असलं तंतुमय अळ्या हळू खातात, ते शेवटी तसंच उरतं. हाडं, खूप तेल आणि मिठाचं काही नको. आणि नवीन खेप टाकल्यावर काही तासांतच सगळ्या अळ्या ढिल्या पडल्या तर भाजीवर मारलेल्या कीटकनाशकाचा संशय घ्या, शेवटी ही माशीची पोरं आहेत, त्यांच्यावरही ते चालतंच.

मुंग्या मात्र लक्षात ठेवा. क्रेटच्या रॅकचे पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या लहान अळ्या आणि अंडी उचलून नेतात. साध्या घरमाशीच्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या एका टोकाला निमुळत्या, पांढऱ्या आणि मऊ असतात, आपल्या चपट्या, कडक, कड्याकड्यांच्या असतात. आपल्या भरपूर झाल्या की साधी माशी तिथे अंडी घालणंही कमी करते.

बाराव्या दिवशी काय मिळतं? अळीचं वजन साधारण 150 मिलिग्रॅम धरलं आणि सगळ्या जगल्या तर दीड किलो, नुसत्या भाजीवर वाढवल्या तर एक किलोच्या आसपास. पंधरा किलोपैकी तीन-चार-पाच किलो खतासारखा चुरा उरतो आणि बाकीचं? पाणी उडून जातं आणि बरंचसं कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. लोकांना वाटतं पंधरा किलोच्या पंधरा किलो अळ्या, तसं नाही. दीड किलो ओल्या अळ्या वाळवल्या की सुमारे अर्धा किलो, आणि त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं धरली तर दोनशे ग्रॅम. हे आधी समजलं तर पुढे निराशा होत नाही.

काढताना शेवटचे दोन दिवस खाद्य बंद ठेवा आणि मिश्रण पातळ पसरून कोरडं होऊ द्या. उजेडाला अळ्या खाली पळतात, त्यामुळे वरचा चुरा हळूहळू काढत गेलं की तळाशी अळ्यांचा थर उरतो, किंवा तीन ते पाच मिमीच्या जाळीतून चाळा. मिश्रण ओलं राहिलं असेल तर चाळणी बुजते, म्हणून सुरुवातीला पाण्यावर एवढं बोललो.

आता वापर. कधी काढल्या यावर सगळं ठरतं. बाराव्या दिवशीच्या अळ्या पिवळसर पांढऱ्या, मऊ असतात, कोंबड्या आणि मासे दोघांनाही चालतात. आणखी थोडे दिवस थांबलात तर त्या काळ्या-तपकिरी होतात, खाणं बंद करतात, पोट रिकामं करतात आणि कोरडी जागा शोधत निघतात. क्रेटला 30 ते 45 अंशांचा उतार लावला तर त्या स्वतःच वर चढून डब्यात पडतात, वेचायची कटकटच नाही. पण त्यांचं कवच जाड होतं, पचायला तेवढं जड. माशांना मी पांढऱ्या देईन, पुढच्या पिढीसाठी मात्र याच काळ्या बाजूला काढायच्या, त्या कोष करतात आणि मग माशी. माशी चावत नाही, तुमच्या जेवणावर बसायलाही येत नाही, तिला चांगला उजेड लागतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली ती नीट जोड्या लावत नाही.

कोंबड्यांना रोजच्या खाद्याच्या दहा टक्क्यांपर्यंत सुरुवात करा, पूर्ण खाद्य बंद करून फक्त अळ्या देऊ नका, चरबी जास्त होते. कॅल्शियम यात बरंच असतं, तरी अंड्यावरच्या कोंबड्यांच्या शिंपल्याच्या चुऱ्याची जागा अळ्या घेत नाहीत, तो चालू ठेवा. कचऱ्यातले जंतू अंगाला लागलेले असतात म्हणून मी अळ्या धुऊन दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकतो आणि मगच देतो. वाळवायच्या असतील तर उकळून झाल्यावरच, न उकळता वाळवल्या की काळ्या पडतात. चरबीमुळे वाळलेल्या अळ्यांना हळूहळू खवट वास येतो, त्यामुळे वर्षभराचा साठा करू नका, काही आठवड्यांचाच करा. तेल काढणं, चरबी काढलेलं पीठ करणं हे कारखान्याचं काम, घरी त्यात पडू नका. आणखी एक, अळ्या विकायच्या असतील तर आधी तुमच्याकडचा नियम बघा, युरोपियन युनियनमध्ये अळ्यांची प्रथिनं माशांच्या खाद्यात 2017 पासून आणि कोंबडी-डुकरांच्या खाद्यात 2021 पासून चालतात, पण त्या अळ्यांना किचनचा उरलेला कचरा खाऊ घालायला तिथे मनाई आहे. शिवाय कॅडमियम अळ्यांच्या अंगात साठतं, म्हणून कारखान्याच्या परिसरातला किंवा कुठून आला ते न कळणारा कचरा घेऊ नका.

उरलेला चुरा लगेच रोपांना घालू नका, ताजा असताना त्यात अमोनिया असतो आणि मुळं जळतात. तो ढीग करून थोडा ओलसर ठेवून काही आठवडे मुरू द्या किंवा गांडुळांना द्या. मुरला की नाही हे बघायला थोडा चुरा मातीत मिसळून त्यात मोहरीचे दाणे टाका, बाजूला नुसत्या मातीतही टाका. दोन्हीकडे सारखेच उगवले की तयार आहे, चुऱ्यातले मागे राहिले तर आणखी दोन आठवडे थांबा आणि पुन्हा टाकून बघा.