ओल्या टॉवेलचा वास: आधी बुट्टी न्हाणीतनं बाहेर काढा

न्हाणीला खिडकी नाही, धुण्याच्या कपड्यांची बुट्टी तिथंच, त्यात बेळगावचा पाऊस, मग वास येणारच की. पण बहुतेक नवीन लोक फिनेल ओततात, डांबर गोळ्या टाकतात, आणि ओला टॉवेल तसाच झाकणाच्या बुट्टीत कोंबतात, तिथंच चुकतंय बघा. टॉवेल ओला राहिला की त्यातले जंतू वाढतात आणि तोच वास खालच्या कोरड्या कपड्यांनाही लागतो.

सुरुवातीला एवढंच करा:
- बुट्टी भोकाची, बिनझाकणाची घ्या आणि बाहेर पॅसेजमध्ये ठेवा, भिंतीपासनं चार बोटं लांब.
- टॉवेल हुकला नको, हुकावर घड्या पडतात आणि मधला भाग ओलाच राहतो. दांडीवर एकपदरी पसरा, पावसाळ्यात खोलीत फॅनखाली.
- पूर्ण वाळल्याशिवाय बुट्टीत टाकायचा नाही.

आमच्याकडं टॉवेल वाळल्यावर बरा वाटायचा, अंग पुसलं की परत कुबट. म्हणजे वास धाग्यात बसलेला. तसं असेल तर लेबल बघून कडक गरम पाण्यात धुवा, मशीनमध्ये ६० डिग्री, आणि लगेच बाहेर काढून वाळत घाला, रात्रभर मशीनमध्ये ठेवलात तर धुणं फुकट गेलं.