कूलरच्या आवाजात दडलेला श्वास

“मॅडम, मुलगा सात वर्षांचा आहे. रात्रभर पलंगभर फिरतो, घामाने उशी ओली होते, सकाळी उठवता उठत नाही. एका डॉक्टरांनी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड दोन्ही काढून टाका म्हटलं, दुसऱ्यांनी सांगितलं की वय वाढलं की आपोआप बारीक होतील. सासूबाई म्हणतात, टॉन्सिल काढले की मुलाची प्रतिकारशक्तीच जाते. आम्ही कोणाचं ऐकायचं?”

मानेवाड्याहून आलेल्या या आई खरे तर शाळेची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा जागेवर बसत नाही, वही अपुरी ठेवतो, चिडून मित्रांना ढकलतो, तेव्हा त्याची चंचलतेसाठी तपासणी करून घ्यावी, असे वर्गशिक्षिकांनी कळवले होते. अशी चिठ्ठी आली की मी आधी झोपेची चौकशी करते. झोपमोड झालेला मोठा माणूस जांभया देतो. लहान मूल मात्र पुष्कळदा सुस्त होण्याऐवजी अधिकच चुळबुळे आणि चिडके होते.

“घोरतो का?” या प्रश्नाला आई-वडील दोघांनीही नाही म्हटले. एप्रिल महिना होता आणि खोलीत रात्रभर कूलर चालू असे. त्या आवाजात मुलाचे घोरणे कोणाला ऐकू येणार? घामाचेही तसेच, नागपूरच्या उन्हाळ्यात कोणाला घाम येत नाही, असे त्यांना वाटत होते. मी डिसेंबरबद्दल विचारले, तेव्हा आई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “थंडीतही बनियन ओलं व्हायचं.” बंद झालेले अंथरूण ओले करणे गेल्या काही महिन्यांत पुन्हा सुरू झाल्याचेही त्यांनी सांगितले.

मी त्यांना पहाटे चारच्या सुमारास कूलर दहा मिनिटे बंद करून, मुलाची छाती उघडी ठेवून, मोबाईलवर चित्रण करायला सांगितले. वेळ मुद्दाम पहाटेची होती, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, तीत घशाचे स्नायू सर्वाधिक सैल पडतात आणि मुलांचा श्वास मुख्यतः तेव्हाच अडतो. त्या चित्रणात मुलाचे तोंड उघडे होते आणि मान मागे ताणलेली होती. पोट वर येत होते, तेव्हाच छाती मात्र आत ओढली जात होती. मग काही सेकंद आवाजच नाही, आणि त्यानंतर एक मोठा घुरका घेऊन त्याने कूस बदलली. पलंगभर फिरण्याचे कारण तेच होते. वाट बंद झाली की मेंदू मुलाला अर्धवट जागे करतो, मूल हवा मिळेल अशी मान शोधते, पुन्हा झोपते आणि पुन्हा अडते.

ॲडेनॉइड नाकाच्या मागे, पडजिभेच्याही वर असतात. तोंड उघडून बघितले तरी दिसत नाहीत. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मानेचा बाजूने एक्स-रे काढला. टॉन्सिल आकाराने चारपैकी तिसऱ्या श्रेणीचे होते. इथे पालकांची सर्वांत मोठी गल्लत होते, ती अशी की श्रेणी म्हणजेच आजाराची तीव्रता, असे ते धरून चालतात. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे टॉन्सिल चौथ्या श्रेणीचे, जवळजवळ एकमेकांना टेकलेले आहेत. ती शांत झोपते, ताजीतवानी उठते, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही. आधीच्या दोन्ही डॉक्टरांपुढे आकार आणि वय एवढेच आले होते. मुलाची रात्र कोणी त्यांच्यापुढे मांडलीच नव्हती.

लक्षणे स्पष्ट असतील, तर निरोगी मुलाच्या बाबतीत शस्त्रक्रियेआधी झोपतपासणी करायलाच हवी असे नाही. मात्र मूल दोन वर्षांखालचे असेल, लठ्ठ असेल, डाउन सिंड्रोम किंवा सिकलसेलचा आजार असेल, किंवा मते जुळत नसतील, तर ती करून घ्यावी. विदर्भात सिकलसेलची चौकशी मी कधीच टाळत नाही. हा मुलगा रक्ततपासणीत सिकलसेलचा निव्वळ वाहक निघाला, आजारी नव्हे. तरीही ही गोष्ट भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावी, असे मी आईंना बजावले.

दोन मते असल्यामुळे त्याची झोपतपासणी झाली. तासाला सरासरी आठ वेळा श्वास अडत होता किंवा उथळ होत होता. मोठ्यांमध्ये पाचच्या आतला आकडा सामान्य धरतात, मुलांमध्ये एकच्या वरचाही नाही. पाच ते दहा म्हणजे मध्यम त्रास.

हाच आकडा दोन-तीन असता, तर थांबणे पूर्णपणे योग्य ठरले असते. अशा मुलांना नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे देऊन पुन्हा तपासतात. थांबणे म्हणजे हयगय नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांपैकी निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना निगराणीत ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपतपासणी सामान्य आली, तर थांबलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. शस्त्रक्रियेविना सुधारलेली मुले प्रामुख्याने मुळात सौम्य त्रासाची आणि पोट न सुटलेली होती. या मुलाला मध्यम त्रास होता, शिवाय अंथरूण ओले होणे आणि शाळेतली ओढाताण होती. म्हणून मे महिन्याच्या शेवटी शस्त्रक्रिया करायचे ठरले.

सासूबाईंची शंका मी त्यांच्यासमोरच घेतली. “आजी, जंतूंशी लढणाऱ्या गाठी जिभेच्या मुळाशी, मानेत आणि शरीरभर इतरत्रही असतात. टॉन्सिल काढल्याने मुलाची ती ताकद ढासळत नाही,” असे मी त्यांना सांगितले. खरी काळजी रक्तस्रावाची करायची असते, आणि तो पहिल्या चोवीस तासांत किंवा साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी होतो. सहाव्या दिवशी आईंचा घाबरून फोन आला की घशात पांढरे दिसते, वास येतो आणि कानही दुखतो. हे तिन्ही भरणाऱ्या जखमेचे नेहमीचे प्रकार आहेत. लाल ताजे रक्त दिसले तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायचे, हे आधीच ठरले होते. दुखण्यासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिले होते. कोडीन असलेले औषध बारा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. सर्वांत जास्त जपायचे ते पाणी, कारण दुखते म्हणून मूल पिणे सोडते आणि मे महिन्यात शोष पडायला वेळ लागत नाही.

शस्त्रक्रियेआधी आईंनी विचारले होते, “आता अभ्यासातही लक्ष लागेल ना?” मी होकार दिला नाही. वर उल्लेखलेल्या अभ्यासात घरचे वागणे आणि दिवसभराचा त्रास स्पष्टपणे सुधारला होता. लक्ष देण्याच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत तसा फरक आढळला नव्हता.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा आले. कूलर बंद होता, घरात घोरण्याचा आवाज नव्हता, अंथरूण कोरडे राहत होते आणि मुलगा स्वतःहून उठत होता. घोरणे उरले असते, तर झोपतपासणी पुन्हा करावी लागली असती. वर्गातली ढकलाढकली थांबली होती. पण वही अजूनही अपुरीच होती. त्या दिवशी मी त्याच्यापुढे एक ओळ लिहायला ठेवली, तेव्हा तो ‘घ’ आणि ‘ध’ दोन्ही एकसारखेच काढत होता. लेखनाची तपासणी आम्ही तिथून सुरू केली.