प्रवासासाठी कोणते चित्रपट डाउनलोड करावेत? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : एप्रिलअखेर आईवडिलांना घेऊन लोकमान्य टिळक टर्मिनसवरून नेत्रावती एक्सप्रेसने तिरुवनंतपुरमला जायचे आहे. गाडी सकाळी साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास सुटते आणि प्रवास साधारण तीस तासांचा आहे. फोनमध्ये 12 जीबी जागा शिल्लक आहे. किती आणि कोणते चित्रपट घेऊ? (एक वाचक, ठाणे)

कागदावर तीस तासांत बारा-तेरा चित्रपट बसतात, पण गाडीत तीन पूर्ण झाले तरी पुष्कळ झाले. रात्री दहाच्या सुमारास डब्यातले मुख्य दिवे मालवले जातात आणि मधला बर्थ उघडला की खाली ताठ बसता येत नाही. त्याशिवाय जेवण, चहावाले, तिकीट तपासनीस आणि मोठ्या स्थानकांवरची चढउतार हे सगळे चालूच असते. म्हणून पाच चित्रपट घ्यावेत : तीन पाहण्यासाठी आणि दोन राखीव. राखीव चित्रपट पहिल्या तिघांपेक्षा वेगळ्या प्रकारचे असावेत, कारण माणूस कंटाळतो तो बहुधा चित्रपटाला नव्हे, तर एकाच प्रकाराला.

निवड विषयानुसार करण्यापेक्षा दिवसाच्या वेळेनुसार करावी, असे माझे मत आहे. ही गाडी दुपारभर दक्षिणेकडे जाते, त्यामुळे ऊन उजव्या बाजूच्या खिडक्यांतून येते. शिवाय कोकणात बोगद्यांची रांग लागते, त्यामुळे दर थोड्या वेळाने उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात जावे लागते. अशा वेळी मंद प्रकाशात चित्रित झालेला चित्रपट पाहण्यासारखा राहत नाही. 'तुंबाड'चे दृश्यसौंदर्य पाऊस, काळोख आणि कंदिलाच्या उजेडावर उभे आहे. दुपारी खिडकीजवळ तो लावला, तर पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसत राहील. दुपारसाठी उन्हात चित्रित झालेला, हलकाफुलका, मध्येच थांबवला तरी धागा न सुटणारा चित्रपट घ्यावा. बोगद्यात चाकांचा आवाज इतका वाढतो की संवाद ऐकू येत नाहीत, आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब असल्याने तो पार करायला काही मिनिटे जातात. तेवढा वेळ चित्रपट सरळ थांबवावा.

अंधार पडल्यावर, जेवणापूर्वीचे दोन तास हा या प्रवासातला सर्वांत चांगला वेळ असतो. तुम्हाला खरोखर पाहायचा आहे तो चित्रपट या वेळेसाठी राखून ठेवावा. 'तुंबाड'ही इथे शोभेल. दुसऱ्या दिवशी केरळात शिरल्यावर डब्यातली माणसे सतत बदलतात आणि सलग दोन तास मिळणे कठीण होते, त्यामुळे तेव्हासाठी दीडेक तासाचा छोटा चित्रपट बरा.

तुम्ही तिघे एकाच फोनवर पाहणार असाल, तर आणखी एक अट येते. फोन दोन हातांच्या अंतरावर बाटलीला टेकवून ठेवला की पडदा फार लहान होतो आणि दूरवरून घेतलेल्या स्थिर दृश्यांतले चेहरे ओळखू येत नाहीत. 'कोर्ट' हा चित्रपट अशाच लांब, दुरून घेतलेल्या दृश्यांचा आहे आणि त्यात मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषा असल्याने सबटायटल्सही वाचावी लागतात. चित्रपट उत्तम आहे, परंतु तो घरच्या मोठ्या पडद्यासाठी ठेवावा. गाडीत जवळून टिपलेले चेहरे आणि भरपूर संवाद असलेली कौटुंबिक गोष्ट अधिक चालते. स्पीकरवर आवाज सोडू नये, रेल्वेचीही तशी सूचना आहे. फोनला इअरफोनची जागा असेल तर दोघांना एकत्र ऐकता येईल असा तारेचा स्प्लिटर स्वस्तात मिळतो.

जागेची चिंता नको. साध्या दर्जाचा दोन तासांचा चित्रपट साधारण अर्धा ते पाऊण जीबी घेतो, म्हणजे पाच चित्रपट चार जीबीच्या आत बसतात. चिंता करायची ती चार्जिंगची : अनेक गाड्यांत सुरक्षेसाठी रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत चार्जिंगचे सॉकेट बंद ठेवतात. फोन रात्रीच्या जेवणाआधीच पूर्ण चार्ज करून घ्यावा.

प्रश्न : दहा दिवस आधी सहा चित्रपट डाउनलोड केले होते. विमानात बसल्यावर त्यांतले तीन 'मुदत संपली' म्हणून उघडलेच नाहीत. असे का होते? (एक वाचक, नागपूर)

डाउनलोड केलेला चित्रपट तुमच्या मालकीचा नसतो. त्याच्यासोबत एक परवाना येतो आणि त्या परवान्याला दोन घड्याळे असतात. पहिले घड्याळ डाउनलोड केल्याक्षणी सुरू होते. प्राइम व्हिडिओवर ही मुदत साधारणपणे 30 दिवसांची असते. नेटफ्लिक्सवर ती चित्रपटागणिक बदलते आणि काहींची अवघी सात दिवसांची असते. दुसरे घड्याळ तुम्ही चित्रपट पहिल्यांदा चालू करता तेव्हा सुरू होते, आणि ते बहुधा 48 तासांचे असते. तुमचे तीन चित्रपट यांपैकी एका घड्याळात अडकले असणार. मुदत वाढवायला इंटरनेट लागते आणि विमानात नेमके तेच नसते.

म्हणून डाउनलोड प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीच करावेत. नेटफ्लिक्सच्या Downloads पानावर मुदत संपत आलेल्या चित्रपटाखाली उरलेला वेळ दिसतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते पान पाहावे आणि ज्याची मुदत थोडी उरली असेल तो नव्याने उतरवावा. त्याच वेळी Smart Downloads ही सोय बंद करावी. ती पाहून झालेला मालिकेचा भाग स्वतःहून काढून टाकते, आणि परतीच्या प्रवासात तोच भाग घरच्या दुसऱ्या कोणाला हवा असतो.

फोन फ्लाइट मोडवर टाकून प्रत्येक चित्रपट चालवून पाहा, असा सल्ला सगळेच देतात आणि तो योग्यही आहे. मात्र चालवून पाहिले की 48 तासांचे घड्याळ सुरू होऊ शकते. वरच्या नेत्रावतीच्या प्रवासाचेच पाहा. आदल्या रात्री नऊला चाचणी घेतली आणि गाडी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पोहोचली, तर 45 तास होतात, म्हणजे चित्रपट कसाबसा मुदतीत राहतो. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश चालतात. तेव्हा चार तास उशीर झाला की शेवटचा चित्रपट गेलाच. त्यामुळे चाचणी घ्यायची ती त्या प्रवासात सर्वांत आधी पाहायच्या एक-दोन चित्रपटांचीच. बाकीच्यांची मुदत आणि डाउनलोड पूर्ण झाल्याची खूण नजरेने तपासावी. आणि निघण्यापूर्वी ॲपमधून लॉगआउट करू नये. बहुतेक ॲपमध्ये लॉगआउट केल्यास सगळे डाउनलोड पुसले जातात.

प्रश्न : 'हाय क्वालिटी' निवडून डाउनलोड केले तरी चित्र अस्पष्टच दिसते, आणि विमानात संवादही नीट ऐकू येत नाहीत. नवा फोन घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. अँड्रॉइड फोनमध्ये चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाची सुरक्षा व्यवस्था असते आणि तिच्या पातळ्या असतात. नेटफ्लिक्सच्या App Settings मध्ये Playback Specification उघडावे. तिथे L1 दिसले तर एचडी चित्र मिळू शकते. L3 दिसले तर वरच्या दर्जाने डाउनलोड करूनही चित्र साध्या दर्जाचेच मिळते, कितीही जागा खर्ची घातली तरी. तशा फोनवर साधाच दर्जा निवडावा आणि वाचलेल्या जागेत आणखी चित्रपट घ्यावेत.

आवाजाचे कारण फोनमध्ये नसते. विमानाच्या केबिनमध्ये इंजिनाची आणि हवेची सतत घरघर असते. तिच्यात पुटपुटलेले व कुजबुजलेले संवाद बुडून जातात, त्याउलट गाणी आणि मोठ्याने बोललेले विनोद टिकून राहतात. त्यामुळे विमानासाठी चित्रपट निवडताना त्यातली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे आठवून पाहावे. हळू आवाजातला गंभीर कौटुंबिक पट घ्यायचाच असेल, तर मराठी असला तरी सबटायटल्ससह घ्यावा. ती बहुधा इंग्रजीतच असतात, पण हुकलेला शब्द त्यातून सापडतो. आवाजाची भाषा आणि सबटायटल्स डाउनलोड करण्यापूर्वीच निवडावीत. प्राइम व्हिडिओ भाषा आधीच विचारतो, कारण उतरलेल्या फाइलमध्ये सगळ्याच भाषा येतील असे नाही. कान पूर्ण झाकणारे, बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन विमानात फरक पाडतात, नव्या फोनपेक्षाही जास्त.

एक लहानशी गोष्ट : मुंबई ते दिल्लीचे उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपासचे असते आणि त्यातही उतरण्यापूर्वीचे पाऊण तास घोषणा व हालचालीत जातात. त्या प्रवासासाठी दीड तासाहून मोठा चित्रपट नकोच.

प्रश्न : मुलाकडे टोरांटोला जात आहोत. इथून डाउनलोड केलेले मराठी चित्रपट तिथे आणि परतताना पाहता येतील का? (एक वाचिका, सातारा)

जाताना बहुतेक अडचण येणार नाही. परतताना येऊ शकते. चित्रपट दाखवण्याचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळे जो चित्रपट भारतात उपलब्ध आहे तो कॅनडात असेलच असे नाही. फोन इंटरनेटला जोडला गेला की ॲप तुम्ही कोणत्या देशात आहात हे पाहते आणि तिथे हक्क नसलेला डाउनलोड उघडणे बंद करू शकते. दुबई किंवा दोहा येथे विमान बदलताना विमानतळाचे वायफाय जोडले, तरी हे घडू शकते. त्यामुळे अर्ध्या वाटेत ॲप उघडायचे ते फोन फ्लाइट मोडवर ठेवूनच. परतीसाठीचे चित्रपट तिथे असतानाच उतरवावेत, आणि त्यांत मराठी चित्रपटांची यादी अपुरी मिळेल हे गृहीत धरावे. नातवंडांना दाखवायचे म्हणून खास काही न्यायचे असेल, तर पोहोचल्यावर फोन इंटरनेटला जोडण्यापूर्वीच ते दाखवून घ्यावे.

प्रश्न : रेल्वे स्थानकावरच्या मोफत वायफायवर ऐन वेळी डाउनलोड केले तर चालेल का? (एक वाचक, लोणंद)

नाही. रेलटेलच्या सेवेत पहिला अर्धा तास मोफत असतो, पण वेग 1 एमबीपीएस असतो. तो पूर्ण अर्धा तास मिळाला तरी जास्तीत जास्त 225 एमबी उतरतील, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाचा निम्माही भाग नाही. मालिकेचा विसेक मिनिटांचा एखादा भाग मात्र तेवढ्यात मिळून जाईल.