एनईएफटीने चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत कसे मिळवावेत?

प्रश्न: खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि २५,००० रुपये अनोळखी माणसाच्या खात्यात गेले. नाव तर बरोबर लिहिले होते. आता काय करू?

उत्तर: एनईएफटीमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होते आणि लिहिलेले नाव त्यासाठी पडताळले जात नाही, त्यामुळे नावाच्या मुद्द्यावर बँकेशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. तो क्रमांक अस्तित्वातच नसता, तर रक्कम आपोआप परत आली असती.

आजच आपल्या शाखेत लेखी अर्ज द्यावा. त्यात यूटीआर क्रमांक म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम, चुकीचा आणि अभिप्रेत असे दोन्ही खाते क्रमांक लिहून पोच घ्यावी. आपली बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ती बँक खातेदाराची संमती मागते. संमतीशिवाय बँक सहसा रक्कम परत वळवत नाही, आणि गोपनीयतेमुळे त्याचा पत्ताही आपल्याला देत नाही.

खातेदाराने नकार दिल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवता येते, कारण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. नोटीस बँकेमार्फत पोहोचवण्याची विनंती करावी. बँकेने ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र लोकपाल बँकेची हयगय तपासतो, आपली टंकनचूक भरून देत नाही.