याद्यांमधून धंद्याच्या कल्पना कशा काढायच्या?

प्रश्न: कौशल्यं, ओळखी आणि घरातल्या वस्तू एका संध्याकाळी लिहून काढल्या, तर धंद्याच्या कल्पना खरंच सुचतात का?

सुचतात, पण याद्या एकमेकींशी जोडल्या तरच. प्रत्येकीला वीसेक मिनिटं द्या. कौशल्य क्रियापदात लिहा: ‘कला’ नको, ‘पडदे शिवतो’ हवं. वस्तूंसाठी घरभर फिरा, माळासुद्धा बघा; बसल्या जागी निम्म्या आठवत नाहीत. ओळखींसाठी फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत चाळा आणि नावापुढे तो माणूस दिवसभर कोणाला भेटतो ते टिपा. गिऱ्हाईक तिथूनच मिळतं, तरी हीच यादी लोक उरकून टाकतात.

मग एक ओळख धरून तिच्यासमोर प्रत्येक कौशल्य आणि वस्तू ठेवून पाहा. समजा, शिवणकाम येतं, मशीन आहे आणि ओळखीत फिजिओथेरपिस्ट आहे. शेकच्या पिशव्यांची धुता येणारी कव्हरं, व्यायामाच्या वाळूच्या पिशव्या, पाठीच्या उशा: एका जोडीतून तीन कल्पना. फिजिओथेरपिस्ट बाजूला ठेवला तर घरमालकांना ओळखणारा एजंट आणि पडदे हीसुद्धा जोडी जमते.

जोडताना ‘हे चालणार नाही’ म्हणत खोडत बसलात, की दहाबारा कल्पनांवरच गाडी अडते. चाळणी दुसऱ्या दिवशी लावा: पहिला पैसे देणारा माणूस नावानिशी सांगता येत नसेल, तर ती कल्पना बाजूला.