अंतिम बिलावरून मूळ किंमत काढताना हिशेब कुठे चुकतो

प्रश्न: बिलाची शेवटची रक्कम ११०८.८० आहे. त्यात २० टक्के सूट, १० टक्के सेवा शुल्क आणि ५ टक्के कर धरलेला आहे. मी त्यातून आधी ५ टक्के वजा केले, मग १० टक्के वजा केले आणि शेवटी २० टक्के मिळवले. उत्तर ११३७.६३ आलं, पण ताळा जुळत नाही. मूळ किंमत कशी काढायची?

उत्तर: नेहमीच्या पद्धतीने बिल बनलं असेल तर मूळ किंमत १२०० आहे. नेहमीची पद्धत म्हणजे आधी सूट वजा, उरलेल्या रकमेवर सेवा शुल्क आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर कर. तुमचं बिल खरंच असं बनलंय का, हे तपासावं लागेल. त्याकडे नंतर येते. आधी तुमचा ताळा का जुळला नाही ते बघू, कारण तुमच्या पायऱ्यांचा क्रम बरोबर होता. बिघडलं ते प्रत्येक पायरीच्या आत.

१२०० पासून सरळ खाली उतरत या. २० टक्के सूट म्हणजे २४० गेले, राहिले ९६०. त्यावर १० टक्के सेवा शुल्क ९६, झाले १०५६. त्यावर ५ टक्के कर ५२.८०, आणि बिल ११०८.८०.

आता उलटं जाताना तुम्ही पहिल्या पायरीला ११०८.८० चे ५ टक्के काढले. ते होतात ५५.४४. पण कर लागला होता ५२.८०, कारण तो १०५६ वर लागला होता, ११०८.८० वर नाही. फरक २.६४ चा आहे, आणि हे २.६४ म्हणजे नेमके ५२.८० चे ५ टक्के. म्हणजे तुम्ही करावरचाही कर वजा केलात. सेवा शुल्कातही तेच झालं: खरं शुल्क ९६ होतं, ते १०५६ वर मोजलं असतं तरी १०५.६० वजा झाले असते. सुटीत चूक सगळ्यात मोठी होते. सूट २४० ची होती, पण ९६० चे २० टक्के फक्त १९२ होतात. म्हणजे एकट्या या पायरीत ४८ कमी मिळवले जातात.

या तिन्ही चुका एकमेकींना कापत नाहीत. कर आणि शुल्क गरजेपेक्षा जास्त वजा होतात, सूट गरजेपेक्षा कमी मिळवली जाते, त्यामुळे तिन्ही चुका उत्तराला खालीच ओढतात. या रीतीने काढलेली मूळ किंमत नेहमी खऱ्यापेक्षा कमीच येते, दर कितीही असोत. कॅल्क्युलेटरवर रक्कम टाकून वजा, ५ आणि टक्क्याचं बटण दाबलं की बहुतेक साधी यंत्रं हाच हिशेब करतात. त्यामुळे तिथे मिळालेला आकडा अगदी अधिकृत दिसतो आणि शंका येत नाही.

उपाय एवढाच: टक्के वजा करायचे नाहीत, भागायचं. ५ टक्के कर लागणं म्हणजे रक्कम १.०५ ने गुणणं, म्हणून कर काढायला १.०५ ने भागा. १० टक्के शुल्क काढायला १.१० ने भागा. २० टक्के सूट म्हणजे रक्कम ०.८० ने गुणली गेली होती, म्हणून सुटीआधीची रक्कम हवी तर ०.८० ने भागा. ११०८.८० ला १.०५ ने भागलं की १०५६, त्याला १.१० ने भागलं की ९६०, आणि ९६० ला ०.८० ने भागलं की १२००. हवं तर तिन्ही गुणक आधी एकमेकांशी गुणून घ्या. ०.८० × १.१० × १.०५ म्हणजे ०.९२४, आणि ११०८.८० ÷ ०.९२४ = १२००. एक्सेलसारख्या शीटमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=1108.80/((1-0.20)*(1+0.10)*(1+0.05))
```

गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. म्हणून सूट आधी दिली की शेवटी, या वादात फार पडू नका. तिन्ही टक्के एकामागून एक, त्या त्या वेळच्या पूर्ण रकमेवर लागत असतील, तर १२०० चे ११०८.८० च होतात, मग क्रम कोणताही असो. मूळ किंमत बदलते ती वेगळ्या कारणाने: कोणते टक्के कोणत्या रकमेवर मोजले, यामुळे. माझ्या मते या सगळ्या हिशेबात खरं लक्ष द्यायचं ते इथेच.

समजा कर आणि सेवा शुल्क, दोन्ही सूट वजा केलेल्या रकमेवर स्वतंत्रपणे लावले आहेत, म्हणजे शुल्कावर कर नाही. मग गुणक १.१० × १.०५ नसून १ + ०.१० + ०.०५, म्हणजे १.१५ होतो. ११०८.८० ला १.१५ ने आणि मग ०.८० ने भागलं की मूळ किंमत १२०५.२२ येते. किंवा समजा सेवा शुल्क सुटीआधीच्या पूर्ण किमतीवर मोजलंय. तेव्हा सूट जाऊन मूळ किमतीचा ०.८० भाग राहतो, त्यात शुल्काचा ०.१० मिळतो, एकूण ०.९०, आणि वर कर, म्हणून ०.९० × १.०५ = ०.९४५. आता मूळ किंमत ११७३.३३ निघते. तेच बिल, तेच दर, आणि तीन वेगळी उत्तरं. नुसती शेवटची रक्कम आणि दर हातात असतील, तर यातलं कोणतं खरं हे कोणालाही सांगता येणार नाही.

पण बिलावर कराची आणि शुल्काची रक्कम बहुधा वेगळी छापलेली असते, आणि त्यावरून निकाल लागतो. मी बिल तपासायला घेते तेव्हा आधी याच दोन ओळी बघते. छापलेल्या रकमेला तिच्या दराने भागायचं. ती रक्कम कोणत्या आकड्यावर मोजली होती ते लगेच कळतं. कराची रक्कम ५२.८० असेल तर ५२.८० ÷ ०.०५ = १०५६. बिलातून ५२.८० वजा केले तरी १०५६ च उरतात. म्हणजे कर शुल्कासकट सगळ्यावर लागलाय. कर ४८.२१ छापलेला असता तर ४८.२१ ÷ ०.०५ म्हणजे ९६४.२० आला असता, तर बिलातून कर वजा जाऊन उरतात १०६०.५९. दोन्ही आकडे जुळत नाहीत, म्हणजे शुल्कावर कर नाही.

इथे थांबू नका, कारण कराच्या ओळीने एक शंका मिटत नाही. शुल्क सुटीनंतरच्या रकमेवर असो की सुटीआधीच्या, तुमच्या बिलात कर दोन्हीकडे ५२.८० च येतो. ते ठरवायला शुल्काची ओळ लागते. तिथे ९६ असेल तर ०.१० ने भागून ९६० येतात, आणि १०५६ मधून ९६ वजा केले की तेच ९६० उरतात. जुळलं, म्हणजे शुल्क सूट वजा केलेल्या रकमेवर आहे. पण तिथे ११७.३३ असेल, तर शुल्काचा आधार ११७३.३० निघतो आणि १०५६ मधून शुल्क गेल्यावर ९३८.६७ उरतात. शुल्काचा आधार उरलेल्या रकमेपेक्षा मोठा आहे, म्हणजे शुल्क सुटीआधीच्या किमतीवर लावलंय. अशा वेळी शुल्काचा आधार हीच मूळ किंमत असते. मात्र छापलेली रक्कम जवळच्या पूर्ण पैशात आणलेली असल्याने १० टक्क्यांच्या ओळीवरून काढलेल्या आधारात पाच पैसे इकडे तिकडे होऊ शकतात, आणि दर जितका लहान तितका हा फरक वाढतो. म्हणून या ओळींचा उपयोग पद्धत ओळखायला करा आणि नेमकी किंमत पुन्हा एकूण रकमेवरूनच काढा: ११०८.८० ÷ ०.९४५ = ११७३.३३.

सूट टक्क्यात नसून ठरावीक रकमेची असेल तर मात्र क्रम महत्त्वाचा ठरतो. १५० ची सूट कर आणि शुल्काआधी दिली असेल, तर ११०८.८० ÷ १.१५५ = ९६०, अधिक १५०, मूळ किंमत १११०. तीच सूट अगदी शेवटी, कर धरून झालेल्या रकमेतून वजा केली असेल, तर आधी १५० मिळवून मग भागायचं: १२५८.८० ÷ १.१५५ = १०८९.८७. वीसहून थोडा जास्त फरक पडतो. शेवटी जे झालं ते आधी उलटवायचं, हा नियम इथे सोडून चालत नाही.

बिल पूर्णांकात आणलं असेल तर एक बारीक मर्यादा लक्षात ठेवा. समजा ११०८.८० ऐवजी ११०९ छापलंय. मूळ आकडा ११०८.५० पासून ११०९.५० पर्यंत कुठेही असू शकतो. दोन्ही टोकं ०.९२४ ने भागली की मूळ किंमत साधारण ११९९.६८ ते १२००.७६ च्या मध्ये पडते. याहून नेमकं त्या एका आकड्यातून निघत नाही. पण किंमत पूर्णांकातच असते हे माहीत असेल, तर या पट्ट्यात १२०० हा एकच पूर्णांक आहे आणि प्रश्न सुटतो. काढलेली किंमत घेऊन पुन्हा बिलापर्यंत खाली उतरणं हा खरा ताळा. तुमच्या ११३७.६३ पासून उतरलं तर बिल १०५१.१७ येतं. ही तफावत पूर्णांकात आणण्याने पडणारी नाही, पद्धतच चुकल्याची खूण आहे.

एकाच बिलात वेगवेगळ्या कराच्या दोन वस्तू असतील, तर एकूण रकमेवरून त्यांच्या वेगळ्या किमती काढू नका. एका समीकरणात दोन अज्ञात राहतात आणि जुळणाऱ्या जोड्या कितीही मिळतात. अशा वेळी दर दराची कराची ओळ तिच्या दराने भागली की त्या गटाचा करपात्र भाग मिळतो, आणि मग सुटीचा व शुल्काचा हिशेब प्रत्येक गटासाठी वेगळा करायचा. करमुक्त वस्तूला कराची ओळच नसते. सगळे करपात्र भाग आणि सगळे कर बिलातून वजा केल्यावर जे उरेल, ते तिच्या वाट्याचं.